काळबदल की प्रयोगबदल?

‘काळ ओळखा व बदला’ ह्या शालेय प्रश्नात केवळ क्रियापद पालटावयाचे असे गृहीत असते. पेणचेच उदाहरण घेऊ. ‘मूर्तिकार गणपती रंगवतो’ ह्याचा भविष्यकाळ ‘रंगवील’. कर्ता अविकृत राहतो. भूतकाळी मात्र ‘मूर्तिकाराने गणपती रंगवला’ आणि कर्मस्थानी ‘मूर्ती’ येताच ‘रंगवली’. येथे कर्तरीचा कर्मणी प्रयोग झाला. ‘मूर्तिकार मूर्ती रंगवला’ असे लिहिणाऱ्यास काळ कळला आहे, प्रयोग नव्हे; गुण कापताना हा भेद पाहावा. ‘सकर्मकाच्या कर्त्यास ने लावा’ हा नियमही अपुराच, कारण ‘ती धडा शिकली’. ‘आम्ही उद्या पेणहून रोह्याला जातो’ ह्यात तर रूप वर्तमानाचे, अर्थ भविष्याचा. ओळखावयाचे काय, रूप की अर्थ, हे प्रश्नकर्त्याने आधी सांगावयास हवे.