नाव यमकात हवे

पंधरा सेकंदांच्या जाहिरातीत गाण्याच्या वाट्याला जेमतेम आठ सेकंद येतात. बाकीच्या वेळात प्रसंग उभा करायचा असतो आणि शेवटी पुडा व नाव दाखवायचे असते. मिनिटाला १२० ठोके हा वेग धरला आणि एका ठोक्यात दोन मात्रा बसवल्या, तर १६ मात्रांची ओळ चार सेकंदांत संपते. म्हणजे या जागेत दोन ओळी मावतात, किंवा एकच ओळ दोनदा. दुसरा पर्याय अधिक चांगला, कारण ऐकणाऱ्याला ओळ घोळवायला अवधी मिळतो.

सध्या ऐकू येणाऱ्या बऱ्याच मराठी जिंगल या हिशोबाने लिहिलेल्याच नसतात. हिंदी फिल्म तयार असते, चाल ध्वनिमुद्रित झालेली असते आणि तिच्यात मराठी शब्द कोंबले जातात. ते का बसत नाहीत, हे काही जोड्यांवरून दिसते. ‘माँ का’ या शब्दांना चार मात्रा लागतात, ‘आईचा’ला सहा. ‘घर का’ चार मात्रांत होते, ‘घराचा’ पाच मात्रा घेते. ‘है’च्या दोन मात्रांच्या जागी ‘आहे’च्या चार येतात. दोन मात्रा वाढल्या की वरच्या वेगाने अर्धा सेकंद वाढतो, आणि गायिका तो शब्द आवळून भरून काढते. मग ठोका ‘आई’वर न पडता ‘चा’वर पडतो. ओळ संपते तेव्हा कानात प्रत्यय उरतो, नाम हरवलेले असते. ‘जेवण बनते खास’सारखी वाक्ये याच कोंबाकोंबीतून येतात. मराठी घरात स्वयंपाक होतो, जेवण कुणी ‘बनवत’ नाही.

दुसरा दोष खुद्द मराठीत लिहिणाऱ्यांचा आहे. ‘घरात–दारात–सुखात’, ‘हसते–दिसते–असते’ अशी यमके प्रत्ययाने आपोआप जुळतात, म्हणूनच लक्षात राहत नाहीत. जे कोणत्याही दोन शब्दांत जुळते, ते त्या दोन शब्दांना बांधून ठेवत नाही.

या बाबतीत उखाणा फार शिकवतो. उखाण्यात नवऱ्याचे नाव मोकळ्या खाचेत बसते आणि यमक बहुधा दुसऱ्याच शब्दावर असते. म्हणून तोच उखाणा घराघरांत चालतो, फक्त नाव बदलते. जिंगलला नेमके उलटे साधायचे आहे. नाव बदलले की ओळ मोडली पाहिजे. परीक्षा सोपी आहे: प्रतिस्पर्ध्याचे तेवढ्याच मात्रांचे नाव घालून ओळ म्हणून पाहावी. ती तशीच चालली, तर लिहिणाऱ्याने प्रतिस्पर्ध्याचीही जाहिरात केली आहे.

समजा, एका मसाल्याचे नाव ‘चिमटी’ आहे. ‘जेवण होई चविष्ट फार, चिमटी करते चमत्कार’ ही ओळ गाता येते, यमकही आहे. पण ‘चिमटी’च्या जागी चार मात्रांचे कोणतेही नाव बसते. आता ही ओळ पाहावी: ‘पांचट आमटी? घाला चिमटी!’ कागदावर ‘आमटी’च्या पाच मात्रा होतात, पण बोलताना म पायमोडका होऊन ‘आम्टी’ अशा चारच राहतात. ‘चिमटी’ही ‘चिम्टी’ होते. आठ अधिक आठ अशी ही ओळ दोन आवर्तनांत पुरी होते. छंदशास्त्रात माधव जूलियनांनी जिला पद्मावर्तनी म्हटले, तीच ही चाल. यमक ‘मटी’ या दोन अक्षरांचे आहे आणि दोन्ही शब्द नामे आहेत, प्रत्ययाचा आधार नाही. तक्रार पहिल्या अर्ध्यात, उपाय दुसऱ्या अर्ध्यात, आणि नाव अगदी शेवटच्या दोन ठोक्यांवर. किती घालायचे तेही नावातच आले. इथे दुसरे नाव घातले की यमक तुटते आणि कान लगेच अडतो.

काही नावांना मराठीत यमक सापडत नाही, विशेषतः लांब परदेशी नावांना. तिथे नाव आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर ठेवून त्याच्या आद्याक्षराचा अनुप्रास साधावा. ओढूनताणून यमक करू नये. अर्धी इंग्रजी, अर्धी मराठी अशी ‘तरुण’ टॅगलाइन आणि संथ आवाजात वाचलेले भावुक मुक्तछंदी वाक्य, या दोन्ही फॅशन जिंगल नव्हेत.

१९६७ साली विविध भारतीवर मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवरून जाहिराती सुरू झाल्या तेव्हा रेडिओच्या जाहिरातीला चित्राचा आधार नव्हता, सगळी भिस्त कानावर होती. आज चित्र आहे म्हणून शब्द ढिले चालतील, हा समज चुकीचा आहे. प्रेक्षक पडद्याकडे न पाहता स्वयंपाकघरात असतो तेव्हाही जाहिरात वाजतच असते. लिहिणाऱ्याला हिंदी ओळीचा अर्थ देऊन संध्याकाळपर्यंत मराठी मागणे ही पद्धतच या ढिलेपणाचे मूळ आहे. मराठी लिहिणाऱ्याच्या हाती चाल बांधण्यापूर्वी तीन गोष्टी पडल्या पाहिजेत: नाव, सेकंद आणि वस्तूचा एकच गुण. चाल आधीच ठरली असेल, तर निदान शेवटचे आवर्तन मराठीसाठी नव्याने ध्वनिमुद्रित करावे. त्यासाठी गायिकेला पुन्हा बोलवावे लागते आणि खर्च वाढतो. तो खर्च टाळून प्रसारणावर पैसा ओतणाऱ्या कंपन्या, प्रेक्षक विसरणार अशी ओळ वारंवार ऐकवण्याचे पैसे मोजत असतात.