पाठ्यपद्याची परीक्षा

शालेय पुस्तकातील एखाद्या प्रकरणाचा सारांश मुलांच्या ध्यानी राहावा म्हणून तो चार ओळींच्या मराठी पद्यात बांधण्याची हौस आपल्या परप्रांतस्थ मंडळींत बरीच आढळते. मुलांचे शिक्षण इंग्रजीत अथवा हिंदीत चालते, आणि मराठी घरच्या बोलण्यापुरतीच उरते. अशा वेळी शास्त्रातली एखादी गोष्ट मराठीतून मुखोद्गत झाली, तर भाषा व विषय दोन्ही साधतात, ही त्यामागील भूमिका आम्हांस मान्य आहे. मात्र असल्या पद्यांकडे टीकाकाराने कौतुकाच्या नजरेने पाहून भागत नाही. जे पाठ होते ते जन्मभर टिकते, आणि पाठ झालेली चूकही तितकीच टिकते. म्हणून या रचनेची पारख कशी करावी, हे एकच प्रकरण घेऊन पाहू. ते प्रकरण म्हणजे चंद्राच्या कला व चंद्रोदयाच्या वेळा.

प्रथम या विषयावर सहज सुचेल अशा घाटाचे एक द्विपद घेऊ:

पौर्णिमेला सहा वाजे
पूर्वेकडे चंद्र साजे

छंद निर्दोष आहे. हा आठ-आठ अक्षरांचा लहान अभंग असून अंती यमकही जुळले आहे. पण ‘साजे’ हा शब्द केवळ ‘वाजे’साठी आला आहे, त्यातून विषयाचे काहीच कळत नाही. यमकाची जागा ही पद्यातील सर्वांत पक्की जागा होय. ओळीतील बाकीचे शब्द विसरले तरी तेथला शब्द जिभेवर येतो. तेथे भरतीचा शब्द घालणे म्हणजे तिजोरीत रद्दी ठेवण्यासारखे आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. पौर्णिमेचा चंद्र सहा वाजता उगवत नाही, तो सूर्य मावळण्याच्या सुमारास उगवतो. डिसेंबरात कोलकात्यास पाच वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो, तर जूनअखेर मुंबईस सात वाजून गेलेले असतात. शिवाय ही दोन शहरे सुमारे साडेपंधरा रेखांशांनी दूर आहेत, आणि दर अंशास चार मिनिटे धरली तर एका तासाहून थोडे अधिक अंतर पडते. घड्याळ मात्र दोहींकडे एकच. तेव्हा मुंबईत रचलेले ‘सहा वाजे’ पूर्वेकडे बदली होताच खोटे ठरते. आपल्या वाचकांना हे निराळे सांगावयास नको. संकष्टीच्या दिवशी मुंबईच्या दिनदर्शिकेतील चंद्रोदयाची वेळ बंगालात जुळत नाही, याचा अनुभव अनेकांस असेल.

यावरून पहिला नियम निघतो: जे स्थळानुसार बदलते ते पद्यात घालू नये. घड्याळ सोडावे आणि सूर्य धरावा. त्याचप्रमाणे महिन्याचे नावही टाळावे. उत्तर हिंदुस्थानात पौर्णिमेला महिना संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे वद्य पक्षात तेथील मुलाचा महिना आपल्याहून एकाने पुढे असतो. तिथी मात्र दोहींकडे तीच. आता हेच प्रकरण तिथी व सूर्य यांच्या आधारे बांधून पाहू:

अवसेला सूर्यासवे
दिसल्याविण उगवे

शुद्ध अष्टमी दुपारी
अर्धा चंद्र पूर्वद्वारी

पुनवेला सूर्य बुडे
पूर्ण चंद्र पूर्वेकडे

वद्याष्टमी अर्ध्या राती
अर्धा उरे, ये वरती

चंद्र रोज दोन घडी
मागे पडे, हीच कडी

काव्य म्हणून याची थोरवी आम्ही सांगणार नाही. पण येथे दुपार, सूर्यास्त आणि अर्धी रात्र हे चारांपैकी तीन काल थेट यमकाच्या कडव्यांत बसले आहेत, आणि प्रत्येक द्विपदात तिथी, वेळ व चंद्राचे रूप यांवाचून फारसे काही नाही. द्विपदांचा क्रमही सकाळ, दुपार, संध्याकाळ, मध्यरात्र असा आहे. मूल एखादे द्विपद विसरले, तर मागच्यापुढच्यावरून त्याला त्याची जागा सापडते.

तरीही एक परीक्षा उरते, आणि ती आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. पद्यातील दोन तथ्यांची अदलाबदल करून पाहावी. ‘वद्य अष्टमी दुपारी’ असे म्हटले, तर अक्षरे आठच राहतात, यमकही जुळते आणि कानाला काही खटकत नाही. अर्थ मात्र उलटा होतो. येथे छंद मुलाचे रक्षण करू शकत नाही. जेथे ‘शुद्ध’ व ‘वद्य’ यांसारखे समान वजनाचे शब्द येतात, तेथे असे नेहमीच घडते. त्यावर उपाय म्हणूनच शेवटचे द्विपद आहे. चंद्रोदय रोज सरासरी पन्नास मिनिटांनी लांबतो, आणि दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. अमावास्येपासून पंधरा तिथी मोजल्या, तर तीस घटका म्हणजे बारा तास होतात, आणि सकाळचा उदय संध्याकाळी येतो. आठ तिथींच्या सोळा घटका, म्हणजे सुमारे साडेसहा तास. म्हणून शुद्ध अष्टमीचा चंद्र दुपारीच उगवला पाहिजे, मध्यरात्री नव्हे. जे द्विपद इतरांची चूक पकडते, ते एकच असले तरी पुरे.

मुलाला पद्य समजले की नुसते पाठ झाले, हेही याच कडीने ओळखता येते. त्याला पद्यात नसलेली तिथी विचारावी. वद्य चतुर्थीला चंद्र केव्हा? पौर्णिमेनंतर चार दिवस, आठ घटका, म्हणजे सूर्यास्तानंतर तीन तास बारा मिनिटे. सूर्य सहाला मावळला असेल, तर नऊ वाजून बारा मिनिटे. संकष्टीच्या रात्री आई ज्या वेळी चंद्राची वाट पाहते, साधारण तीच ही वेळ. हे उत्तर मुलाने स्वतः काढले, तर पद्य कामी आले. ते नुसते पहिल्यापासून म्हणू लागले, तर पद्य गळ्यातच राहिले. अर्थात हे उत्तर ठोकळ आहे. रोजचा उशीर ऋतुमानाने कमीअधिक होतो आणि तिथी दिवसाबरोबर चालत नाही, म्हणून उपवास सोडण्यासाठी स्थानिक पंचांगच पाहावे.

शेवटी, पद्याने काय करू नये हेही सांगितले पाहिजे. कला का होतात, हे वरील ओळींत नाही आणि नसावे. ते घाईने एका ओळीत कोंबू जाता ‘पृथ्वीची सावली’ असे शब्द येण्याचा मोह होतो, आणि ते साफ चूक आहे. सावलीने ग्रहण होते. कला होतात त्या चंद्राचा उजळलेला अर्धा भाग आपणांस कमीअधिक दिसतो म्हणून. हे दिवा व चेंडू घेऊन अंधाऱ्या खोलीतच दाखवावे. भास्कराचार्यांनी लीलावतीतील गणिताचे नियम ११५० साली श्लोकांत बांधले. तरी १५४५ मध्ये गणेश दैवज्ञांना त्यावर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिण्याची गरज वाटली. श्लोकाने नियम हाती राहतो, त्याची उपपत्ती टीकेने कळते. घरी मुलासाठी पद्य रचणाऱ्या आईबापांनी हे दुसरे काम पद्यावर सोपवू नये, ते स्वतःकडे ठेवावे.