‘मुळे’ की ‘साठी’? करिअर ब्रेकची एक पोस्ट वाचताना

रविवारी रात्री साडेदहाला एका मैत्रिणीने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पाठवला. खाली एकच ओळ होती : ‘उद्या लिंक्डइनवर टाकायचंय, जरा बघशील?’ ती पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत अकरा वर्षं टेस्टिंगचं काम करत होती आणि आता काही महिने थांबणार होती. एरवी ती तिथे इंग्रजीतच लिहिते, पण हा मसुदा मराठीत होता. ‘हे इंग्रजीत सुचतच नाहीये,’ म्हणाली.

अशा पोस्ट आता इतक्या दिसतात की त्यांचा एक लेखनप्रकारच झाला आहे. राजीनामा साहेबाला लिहायचा असतो, पत्र एका माणसाला. ही पोस्ट मात्र जुना बॉस, पुढच्या नोकरीत मुलाखत घेणारा, कॉलेजातली मैत्रीण आणि चुलतभाऊ असे सगळे एकदमच वाचतात. प्रत्येकाला वेगळं काहीतरी कळायला हवं असतं आणि लिहिणाऱ्याला प्रत्येकापासून वेगळं काहीतरी झाकायचं असतं. म्हणून ती एखाद्या कथेइतकीच बारकाईने वाचायला हवी, असं मला वाटतं. मैत्रिणीच्या परवानगीने तिचा पहिला मसुदा देते :

‘थोड्या जड मनाने लिहिते आहे. अकरा वर्षांनंतर मला नोकरी सोडावी लागते आहे. […] कंपनीने खूप सांभाळून घेतलं, पण शेवटी मलाच अपराधी वाटायला लागलं. हा निर्णय घाईत घेतलेला नाही. काही जणांना वाटेल की मी हार मानली, पण तसं नाही. सध्या थोडा ब्रेक घेते आहे, पुन्हा नक्की येईन. सगळ्यांनी समजून घ्यावं ही विनंती.’

कंसातल्या टिंबांच्या जागी चार वाक्यं होती. थांबण्याची कारणं त्यांत तपशिलाने लिहिलेली होती. ती मी इथेही देत नाही. ती कारणं एकट्या तिची नाहीत, घरातल्या दुसऱ्या माणसाचीही आहेत, आणि त्या माणसाला कोणी विचारलं नव्हतं. कारणं न सांगण्याचा पहिला आधार हाच आहे. आपल्याला सांगायला संकोच वाटत नसला, तरी ज्याच्याबद्दल सांगतो त्याचं काय?

आता उरलेला मजकूर वाचू. मराठीत नोकरी संपल्याचं सांगायला तीन सोपी क्रियापदं आहेत. नोकरी सोडली, नोकरी सुटली, नोकरी गेली. पहिल्यात माणूस कर्ता आहे. दुसऱ्यात गोष्ट आपोआप घडली. तिसऱ्यात ती कोणीतरी नेली. मैत्रिणीने ‘सोडणे’ निवडलं खरं, पण लगेच त्याला ‘लागते आहे’ जोडून कर्तेपण काढून घेतलं. खरं तर तिने महिनाभर हिशेब मांडला होता, साठवलेले पैसे किती महिने पुरतील ते पाहिलं होतं, आणि मग ठरवलं होतं. म्हणजे वाक्य दीनवाणं तर होतंच, शिवाय चुकीचंही होतं.

दुसरी गोष्ट नकारांची. ‘घाईत घेतलेला नाही’, ‘हार मानली असं नाही’. ती घाई करते आहे असं कोणाच्या मनातही आलं नसेल, पण वाक्य वाचल्यावर येईल. न झालेल्या आरोपाला उत्तर दिलं, की तो आरोप आपणच वाचणाऱ्याच्या हातात देतो.

तिसरी गोष्ट शेवटची विनंती. शाळेत गैरहजर राहिल्यावर आपण चिठ्ठी न्यायचो, खाली पालकांची सही असायची. ‘समजून घ्यावं ही विनंती’ हा त्या चिठ्ठीचा सूर आहे. पण इथे रजा मंजूर करणारं कोणी बसलेलं नाही. आणि या सगळ्यात अकरा वर्षांच्या कामाबद्दल एक शब्दही नाही.

मी उत्साहाने दुसरा मसुदा करून दिला. तो असा सुरू होत होता : ‘अकरा समृद्ध वर्षांनंतर आता स्वतःला नव्याने शोधण्याच्या एका सुंदर प्रवासाला निघते आहे!’

तिचा लगेच फोन आला. ‘लोक विचारतील, कुठे निघालीस? लडाखला? मी घरातच आहे गं.’

तिचं बरोबर होतं. पहिल्या मसुद्यात गरजेपेक्षा जास्त खरं होतं, माझ्यात नुसती विशेषणं होती. सकारात्मक लिहायचं म्हणजे आनंदी शब्द पेरायचे, ही या लेखनप्रकारातली सगळ्यात मोठी गैरसमजूत आहे. असा शब्द पुढे निभवावा लागतो. ‘प्रवासा’चे फोटो कुठे आहेत, असं कोणी गमतीने विचारलं तरी तिला खोटं रचावं लागलं असतं. तेव्हापासून मी एक कसोटी लावते : हे वाक्य सहा महिन्यांनी मुलाखतीत, समोरच्याच्या डोळ्यांत बघून, जसंच्या तसं म्हणता येईल का? ‘सुंदर प्रवास’ म्हणता आलं नसतं.

मग तिनेच मधला रस्ता सुचवला : ‘काही वैयक्तिक कारणांमुळे’. आपल्या रजेच्या अर्जांत ‘घरगुती कारणास्तव’ वर्षानुवर्षं चालत आलं आहे आणि तिथे ते चालतं, कारण अर्ज वाचणाऱ्याला फक्त तारखा हव्या असतात. पोस्टमध्ये हेच शब्द उलटं काम करतात. त्यातला ‘काही’ म्हणतो, आत काहीतरी आहे आणि ते मी सांगत नाही. दार बंद ठेवण्याऐवजी ते अर्धवट उघडं ठेवून त्यावर पडदा टाकल्यासारखं होतं. वाचणाऱ्याचं लक्ष मग पडद्याकडेच जातं.

इथे आम्ही बराच वेळ अडलो. कारण सांगायचं नाही आणि लपवतोय असंही वाटू द्यायचं नाही, हे जमणार कसं? उत्तर ‘मुळे’ या शब्दयोगी अव्ययात सापडलं. ‘मुळे’ मागे बघतं. ‘कशामुळे थांबलीस?’ याचं उत्तर नेहमी घडून गेलेल्या गोष्टीत असतं, आणि त्या गोष्टीचा तपशील मागितला जातो. ‘साठी’ पुढे बघतं. ‘हा वेळ कशासाठी आहे?’ याला एका शब्दात उत्तर देता येतं आणि ते अपुरं वाटत नाही. घरासाठी, अभ्यासासाठी, तब्येतीसाठी. वाक्यात ‘साठी’ आलं की कर्ताही आपोआप बदलतो, कारण वेळ राखून ठेवणारं कोणीतरी लागतं. पोस्ट ठरवून लिहिल्यासारखी वाटते ती इथे, ‘विचारपूर्वक निर्णय’ असे शब्द घातल्याने नव्हे.

शेवटी जी पोस्ट गेली ती अशी :

‘३१ जुलैला मी नोकरीतून बाहेर पडते आहे. अकरा वर्षं, चार प्रॉडक्ट्स, आणि दोघांपासून चौदा जणांपर्यंत वाढलेली टेस्टिंग टीम. बग सापडला की आधी माणसाला नाही, पायऱ्यांना प्रश्न विचारायचे, हे मी याच टीमकडून शिकले. पुढचे काही महिने घरासाठी राखून ठेवले आहेत. या काळात नवी नोकरी शोधत नाही. पुढच्या कामाबद्दल नव्या वर्षात इथेच लिहीन. टेस्टिंगबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर मेसेज करा, उत्तराला दोन-चार दिवस लागतील.’

पहिल्या वाक्यात तारीख आहे, कारण मोबाइलवर पहिल्या दोन-तीन ओळींनंतर बाकीचा मजकूर दुमडला जातो. जड मनाची सुरुवात असती, तर अनेकांनी तेवढंच वाचून फोन लावला असता. नंतर काम येतं, आकड्यांत. आकड्यांना विशेषण लागत नाही. मग ‘साठी’चं एकच वाक्य. ‘नोकरी शोधत नाही’ हा एकमेव नकार ठेवला, कारण तो आरोपाला उत्तर देत नाही, रिक्रूटरचा वेळ वाचवतो. शोधत असती, तर तेही इतक्याच सरळ लिहायला हवं होतं.

सगळ्यात जास्त वाद परतण्याच्या वाक्यावर झाला. तिने ‘जानेवारीत परत येईन’ लिहिलं होतं. पण घरातलं जानेवारीपर्यंत काय होईल हे तिच्या हातात नव्हतं, आणि हुकलेली तारीख पुन्हा सफाई द्यायला लावते. म्हणून परतण्याचं वचन काढून लिहिण्याचं वचन घातलं. ते तिच्या हातात होतं.

लिंक्डइनने २०२२ मध्ये प्रोफाइलवर करिअर ब्रेकची वेगळी नोंद करायची सोय दिली. तिथे ब्रेकचा प्रकार निवडावा लागतो : कुटुंबातल्या कोणाची देखभाल, तब्येत, व्यावसायिक विकास, प्रवास, नोकरकपात वगैरे. पोस्टमध्ये सांभाळलेलं इथे एका टिचकीत सांगितलं जाऊ शकतं. म्हणून ती नोंद ‘साठी’च्या वाक्याशी जुळणारी हवी, आणि त्याखालच्या वर्णनाच्या रकान्यात पुन्हा कारणं लिहायची नाहीत.

या युक्तीची एक मर्यादा मात्र आहे. नोकरी गेली असेल, तर ‘सोडली’ लिहू नये. जुन्या सहकाऱ्यांना खरं माहीत असतं, आणि त्यांच्यातलाच एखादा उद्या आपल्याबद्दल कोणाला तरी सांगणार असतो. तेव्हा दोन वाक्यं वेगळी ठेवावीत. ‘जूनअखेर माझं पद रद्द झालं’ या वाक्यात आपण कर्ते नाही, आणि ते तसंच राहू द्यावं. ‘पुढचे तीन महिने मी डेटाबेस शिकण्यासाठी ठेवले आहेत’ या वाक्यात आपण कर्ते आहोत. पहिल्या वाक्याचं कर्तेपण चोरलं, की दुसऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

पोस्ट गेल्यावर पहिल्या तासातच कोणीतरी खाली विचारलं, ‘अगं, काय झालं? सगळं ठीक ना?’ त्याचं उत्तर आम्ही आधीच तयार ठेवलं होतं, कारण घाईत दिलेल्या एका उत्तरात गाळलेली चारही वाक्यं परत येऊ शकतात. तिने लिहिलं, ‘विचारलंस, बरं वाटलं. भेटलो की बोलू.’ यात ‘सगळं ठीक’ हे खोटंही नाही आणि विचारणाऱ्याला झिडकारलेलंही नाही.

संध्याकाळी तिच्या बाबांनी तिच्याच फोनवर ती पोस्ट वाचली. चष्मा सारखा करून दोनदा वाचली आणि म्हणाले, ‘चौदा जण होते होय तुझ्या हाताखाली? कधी बोलली नाहीस.’

पहिला मसुदा गेला असता, तर त्यांनी त्यात दुसरंच काहीतरी वाचलं असतं.