‘नहीं ले गए’ : कोण?

आरोग्यविषयक शोधनिबंधांमध्ये तिरप्या टायपात छापलेली अवतरणं हा आपल्या देशातल्या अनुवादित गद्याचा एक मोठा साठा आहे. त्याची समीक्षा मात्र कुणी करत नाही. अवतरणाखाली ‘स्त्री, 26 वर्षे, दोन मुलं’ एवढंच लिहिलेलं असतं. बोलणारीचं नाव गोपनीयतेसाठी वगळतात, ते योग्यच आहे. पण अनुवाद करणाऱ्याचं नावही नसतं, आणि त्याला गोपनीयतेचं कारण देता येत नाही. पद्धतीच्या परिच्छेदात एक वाक्य येतं: मुलाखती हिंदीत घेतल्या, त्यांचा इंग्रजीत ‘शब्दशः’ अनुवाद केला. या एका वाक्यात किती निर्णय दडलेले असतात हे पाहण्यासाठी जयपूरच्या आसपासच्या एखाद्या गावात मिळेल असं एक उत्तर घेऊ. उत्तर मी रचलेलं आहे, पण त्याची ठेवण तिकडच्या रोजच्या बोलण्यातली आहे. प्रश्न असा, की बाळंतपणासाठी दवाखान्यात का गेला नाहीत? बाई म्हणते:

“दर्द तो रात से ही था। घरवालों को बोल दिया था। नहीं ले गए। फिर दाई आ गई।”

मराठी वाचकाला यात अडण्यासारखं काही नाही. “घरच्यांना सांगून टाकलं होतं. नेलं नाही. मग दाई आली.” आपल्याला कर्ता लागत नाही. इंग्रजीला लागतो. ‘दे डिड नॉट टेक मी’ म्हटलं की नकार साऱ्या कुटुंबाच्या अंगावर जातो. ‘माय हजबंड डिड नॉट टेक मी’ हेही चूक ठरवता येणार नाही, कारण ‘घरवाले’ हे नवऱ्याचा आदरार्थी उल्लेख करण्याचंही एक वळण आहे. आपल्याकडे ‘आमच्या घरून’ म्हणताना होतं तसंच. तिसरी वाट कर्मणीची: ‘आय वॉज नॉट टेकन’. व्याकरणाने ती सर्वांत प्रामाणिक आहे, पण ऐकायला पोलिसांच्या पंचनाम्यासारखी लागते.

मूळ वाक्यात एक खूण आहे, ती मात्र तिन्ही वाटांवर हरवते. ‘गए’ हे पुल्लिंगी अनेकवचन आहे. नुसत्या सासूने नेलं नसतं तर ‘नहीं ले गई’ किंवा आदराने ‘नहीं ले गईं’ आलं असतं. म्हणजे बोलणारीच्या मनात एक तर आदरार्थी एकवचनातला पुरुष आहे, किंवा ज्यात पुरुष आहेत असा घोळका आहे. उत्तर अर्धवट आहे, पण रिकामं नाही. आपलं ‘नेलं नाही’ नपुंसकलिंगी असल्याने एवढंही सांगत नाही. भगिनीभाषेतला सहज वाटणारा अनुवादसुद्धा इथे इंग्रजीइतकाच गळका निघतो.

हा काथ्याकूट व्याकरणाच्या हौसेपोटी नाही. मातामृत्यूंच्या अभ्यासात थॅडियस आणि मेन यांनी 1994 मध्ये मांडलेली ‘तीन विलंबां’ची चौकट आजही वापरात आहे: दवाखान्यात जायचं ठरवण्यातला विलंब, पोहोचण्यातला विलंब आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला विलंब. ‘नहीं ले गए’ पहिल्या दोहोंच्या मधोमध उभं आहे. अनुवादकाने ‘रिफ्यूज्ड टु टेक मी’ लिहिलं की विश्लेषण करणारा त्यावर पहिल्या विलंबाची चिठ्ठी लावतो, आणि पुढे शिफारस येते ती नवऱ्यांच्या समुपदेशनाची. ‘कुड नॉट टेक मी’ लिहिलं तर चिठ्ठी दुसऱ्या विलंबाची, आणि शिफारस रुग्णवाहिकेची. बाई यांतलं काहीच म्हणालेली नाही. तिने ‘बोल दिया था’ म्हटलं आहे. म्हणजे आपल्या बाजूचं काम तिने वेळेत उरकलं होतं. तक्रार असेल तर ती त्या ‘दिया था’मध्ये आहे, आणि ‘आय टोल्ड माय फॅमिली’मध्ये ती उरत नाही.

यावर उपाय अनुवादकाकडे नाही, मुलाखत घेणाऱ्याकडे आहे. ‘कौन नहीं ले गए?’ एवढा एक प्रश्न तिथेच विचारायला हवा होता. पण तो राहून गेला हे कळतं अनुवाद करायला बसल्यावरच. म्हणून साऱ्या मुलाखती संपवून शेवटी एकदम अनुवाद उरकणं वाईट. पहिल्या दोन-तीन मुलाखती त्याच आठवड्यात उतरवून अनुवादित केल्या, तर चौथ्या मुलाखतीत तो प्रश्न विचारला जातो.

प्रत्यक्षात पुष्कळदा उलट चालतं. तासाभराचं ध्वनिमुद्रण नुसतं उतरवायला चार ते सहा तास जातात, आणि अनुवादाचे वेगळे. पैसे आणि दिवस वाचवायला ऐकता ऐकता थेट इंग्रजीच टाइप केली जाते. मग मूळ शब्द कागदावर कधी येतच नाहीत. ‘गए’ की ‘गई’ हे तपासायचं झालं तर पुन्हा ध्वनिफीत लावावी लागते, आणि काम संपल्यावर ती बहुधा नष्ट केलेली असते.

उलट-अनुवादाने हे सापडेल, असा एक भरवसा असतो. दुसऱ्या माणसाने इंग्रजीवरून पुन्हा हिंदी करायची आणि मूळाशी ताडून पाहायचं. प्रश्नावलीसाठी ही युक्ती ठीक आहे. बोलण्यासाठी ती फसवी ठरते. जयपूरभोवती ढूंढाडी बोलतात. जनगणनेत ती हिंदीखाली मोजली जाते, म्हणून निबंधातही ‘हिंदी’ एवढंच लिहिलं जातं. त्या बोलीत बाई म्हणेल, “म्हारो जी घबरावै छै.” आपण म्हणू, जीव घाबरा होतो. यात छातीतली धडधड आली, पोटातलं ढवळणं आलं, उभं राहवत नाही तेही आलं. रक्त कमी असलेली बाई असं म्हणते आणि भ्यालेलीही असंच म्हणते. अनुवादकाने लिहिलं ‘आय फील अँक्शस’. उलट-अनुवाद करणाऱ्याने त्याचं केलं ‘घबराहट होती है’. मूळात ‘घबरावै’ होतंच. दोन्ही जुळले, तपासणी उत्तीर्ण. ‘जी’ कुठे गेला हे कुणी विचारलं नाही, आणि बाई मात्र मानसिक आरोग्याच्या रकान्यात जाऊन बसली.

याच्या उलटही घडतं. गोव्यात झालेल्या, 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताणाशी अधिक घट्ट निघालं. ‘सफेद पानी’चा ‘व्हजायनल डिस्चार्ज’ हा अनुवाद कोशात शोधलात तर निर्दोष आहे. पण त्या दोन शब्दांसोबत बाई अशक्तपणा, कंबरदुखी, झिजत चालल्याची भावनाही सांगत असते. इंग्रजी संज्ञा तिला थेट स्त्रीरोग विभागात पाठवते. डॉ. राणी बंग यांचं ‘कानोसा’ वाचलेल्यांना हे नवं वाटणार नाही. गडचिरोलीतल्या बायकांचे शब्द तिथे बायकांच्याच अर्थाने ऐकले आहेत.

असे शब्द मुळातच ठेवावेत का? सरसकट नको. ओळीओळीला देशी शब्द पेरले की अवतरण हस्तकलेच्या दुकानासारखं दिसू लागतं. ज्या शब्दावर निष्कर्ष टेकला आहे तेवढाच ठेवावा आणि पहिल्यांदा आला की दोन वाक्यांत उलगडावा. बाकीच्यासाठी साधी व्यवस्था पुरते: डावीकडे देवनागरीत मूळ, उजवीकडे इंग्रजी, आणि तिसऱ्या रकान्यात अनुवादकाची शंका. विश्लेषणाच्या चिठ्ठ्या डाव्या रकान्यावर लावाव्यात. त्यासाठीची सॉफ्टवेअर देवनागरी घेतात. इंग्रजी करायची ती शेवटी, छापायच्या अवतरणांपुरती. अडचण एकच. गटातला ज्येष्ठ संशोधक हिंदी न वाचणारा असला तर तो हे मान्य करत नाही.

वाचकाला बाहेरून काय दिसतं? एक खूण सांगतो. निबंधातली सगळी अवतरणं सलग वाचावीत. साठीची सासू, विशीतली सून आणि गावची आशा सेविका एकाच सफाईदार इंग्रजीत बोलत असतील, तर तो आवाज अनुवादकाचा आहे. गुणात्मक निबंधांसाठी 2007 पासून वापरात असलेली कोरेक ही 32 मुद्द्यांची यादी मुलाखत कुणी घेतली, ती व्यक्ती बाई की पुरुष, तिचं प्रशिक्षण काय, हे सगळं विचारते. अनुवाद कुणी केला, हा मुद्दा त्या 32 मध्ये नाही.