परिचय वक्त्याचा की पडद्याचा?

वक्ते आपल्या स्लाइड आधीच धाडू लागल्यापासून परिचयकर्त्याचे काम सुकर झाले, असा एक समज आहे. प्रत्यक्षात पहिल्या स्लाइडवरील चरित्र वाचून दाखवायचे, दुसरीवरील मुद्दे सांगून टाकायचे आणि अखेरीस तेच मुद्दे भूतकाळात घालून आभार मानायचे, अशी रीत पडू लागली आहे. त्यात वक्ता राहतो बाजूलाच.

मागे बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवरील व्याख्यानाचा परिचय लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. चरित्राच्या स्लाइडवर पदव्या, अकरा पुस्तके, पाच समित्या आणि तीन पुरस्कार होते. विषयाच्या स्लाइडवर चार ओळी होत्या : १९०६चे सक्तीचे शिक्षण, १९१० साली अमेरिकेहून आलेले ग्रंथपाल विल्यम बॉर्डन, खेड्यांत जाणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या आणि आजची स्थिती. पहिला मसुदा मोठ्याने वाचला, तर चार मिनिटे लागली. तोवर व्याख्यानच निम्मे सांगून झाले होते!

या विषयावर याच व्यक्तीचे का ऐकावे, एवढेच श्रोत्यांना हवे असते. त्या कसोटीला चरित्रातील दोनच गोष्टी उतरल्या : बाईंची ग्रंथपाल म्हणून वीस वर्षांची नोकरी आणि त्या पेट्यांच्या नोंदींवरचे त्यांचे काम. पुरस्कार गाळताना हात अडखळला, हे कबूल करतो. विषयाच्या ओळींतून मात्र उत्तर न घेता प्रश्न घेतला. मसुदा असा उतरला : ‘सक्तीने अक्षरओळख झालेले मूल शाळा सुटल्यावर वाचणार काय, हा प्रश्न बडोदे संस्थानापुढे उभा राहिला. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव धाडून त्याचे उत्तर शोधले गेले. त्या पेट्यांच्या नोंदी ज्यांनी वाचल्या आहेत, आणि ज्यांनी स्वतः वीस वर्षे वाचकांच्या हाती पुस्तके दिली आहेत, त्या आज आपल्याशी बोलणार आहेत.’ बॉर्डन साहेबांना मुद्दाम वक्त्यांसाठी राखून ठेवले.

एक सापळा थोडक्यात चुकला. स्लाइड जुन्या व्याख्यानातली होती. तिच्यावर बाई ‘विभागप्रमुख’ होत्या, पण त्यांना निवृत्त होऊन दोन वर्षे लोटली होती. दूरध्वनी केला म्हणून कळले. आडनावाचा उच्चारही तेव्हाच विचारून घेतला.

आभाराचा कागद मी अर्धा कोरा ठेवला होता. स्लाइड सांगते ती योजना; घडते ते निराळे. बाई पेट्यांत इतक्या रमल्या की चौथ्या ओळीपर्यंत पोहोचल्याच नाहीत. ‘आजच्या स्थितीवर प्रकाश टाकल्याबद्दल’ आभार लिहून ठेवले असते, तर सभागृहात हसे झाले असते. परत आलेल्या पेटीतले सर्वांत मळलेले पुस्तक कोणते, हे पाहावे, असे त्या बोलता बोलता म्हणाल्या. तेवढेच मी टिपून घेतले आणि आभारात म्हणालो, ‘मळलेल्या पुस्तकाकडे आदराने पाहायला आपण आज शिकवलेत, त्याबद्दल मंडळ आपले ऋणी आहे.’ बाई खाली उतरताना थांबल्या आणि ते वाक्य कागदावर लिहून मागितले.