दुबार म्हणजे काय, हे कोणी ठरवायचे?

दोन याद्या एकाखाली एक जोडल्या की काही नोंदी दोनदा येतात. वहीत असे झाले तर आपण बोट ठेवून ओळी जुळवतो आणि जास्तीची ओळ खोडतो. संगणकावर हेच काम करण्यासाठी एक्सेलमध्ये Remove Duplicates नावाची सोय आहे. २००७ सालच्या आवृत्तीपासून ती Data या पट्टीत आहे आणि शाळाशाळांतून ती वापरली जाते. काम क्षणात होते. पण याच सोयीने नको त्या ओळी गेल्याच्या तक्रारीही वारंवार कानावर येतात. त्यांचा दोष बहुधा वापरणाऱ्याच्या घाईवर ढकलला जातो. माझ्या मते दोषाचा मोठा वाटा या सोयीने विचारलेल्या प्रश्नाच्या शब्दांकडे जातो. कसा, ते एका लहान उदाहरणाने पाहू.

समजा, नववीच्या अ आणि ब तुकड्यांचे विज्ञानाच्या घटक चाचणीचे गुण दोन शिक्षकांनी वेगवेगळे भरले आणि नंतर एकत्र केले. सोयीसाठी प्रत्येक तुकडीत तीनच विद्यार्थी घेऊ. पहिल्या ओळीत रकान्यांची नावे आहेत. एक्सेलच्या A ते E या रकान्यांत माहिती अशी आहे :

| क्र. | तुकडी | हजेरी क्र. | नोंदीची तारीख | गुण |
|---|---|---|---|---|
| १ | अ | १ | ५ ऑगस्ट | १४ |
| २ | अ | २ | ५ ऑगस्ट | १७ |
| ३ | अ | ३ | ५ ऑगस्ट | ९ |
| ४ | ब | १ | ५ ऑगस्ट | १२ |
| ५ | ब | २ | ५ ऑगस्ट | १८ |
| ६ | ब | ३ | ५ ऑगस्ट | १५ |
| ७ | अ | २ | ५ ऑगस्ट | १७ |
| ८ | अ | ३ | १२ ऑगस्ट | ११ |

सातवी नोंद ही दुसरीची नक्कल आहे. कोणीतरी ती चुकून दोनदा भरली. आठवी नोंद मात्र नक्कल नव्हे. अ तुकडीतील तिसऱ्या क्रमांकाच्या मुलीची उत्तरपत्रिका पुन्हा तपासली गेली, तिचे दोन गुण वाढले आणि ते आठवड्याने नोंदवले गेले. म्हणजे सातवी नोंद काढायची, आठवी ठेवायची आणि तिच्या जागी जुनी तिसरी काढायची. सहा मुलांच्या सहा ओळी उरल्या पाहिजेत.

आता Remove Duplicates वर टिचकी मारू. समोर एक चौकट उघडते. तीत सर्व रकान्यांची नावे असतात आणि सुरुवातीला प्रत्येकापुढे बरोबरची खूण असते. तशीच आज्ञा दिली तर उत्तर येते, No duplicate values found. सातवी नोंद डोळ्यांना दुबार दिसत असताना संगणकाला ती का दिसत नाही? कारण क्र. या रकान्यात प्रत्येक ओळीला वेगळा आकडा आहे. सर्व रकाने जुळले तरच ओळ दुबार, असा अर्थ सर्व खुणांमुळे होतो आणि एक ते आठ या आकड्यांमुळे कोणत्याच दोन ओळी पूर्ण जुळत नाहीत.

खरी गडबड येथून सुरू होते. उत्तर चुकीचे वाटल्यामुळे शिक्षक पुन्हा ती चौकट उघडतात, Unselect All ने सर्व खुणा काढतात आणि विद्यार्थी ज्यावरून ओळखला जातो असे वाटते तेवढ्या एकाच रकान्यापुढे, म्हणजे हजेरी क्रमांकापुढे, खूण करतात. आता उत्तर येते : 5 duplicate values found and removed, 3 unique values remain. चौथी ते आठवी अशा पाचही ओळी गेल्या. ब तुकडीच नाहीशी झाली, कारण १, २ आणि ३ हे क्रमांक अ तुकडीत आधीच येऊन गेले होते. हजेरी क्रमांक एका तुकडीपुरताच वेगळा असतो हे आपल्याला ठाऊक असते. संगणकाला ते कोणी सांगितलेले नसते.

ही चूक निदान ठळक आहे. आख्खी तुकडी दिसेनाशी झाली की कोणाच्याही लक्षात येते. यापेक्षा घातक चूक पुढच्या पायरीवर आहे. सावध शिक्षक तुकडी आणि हजेरी क्रमांक अशा दोन रकान्यांपुढे खूण करतात. विद्यार्थी ओळखण्यासाठी ही जोडी अगदी योग्य आहे. या वेळी सातवी आणि आठवी अशा दोन ओळी जातात व सहा उरतात. पटावरची मुलेही सहाच. आकडा जुळला, म्हणून काम बरोबर झाले असे वाटते. प्रत्यक्षात तिसऱ्या क्रमांकाच्या मुलीचे जुने ९ गुण राहिले आणि सुधारलेले ११ गुण पुसले गेले.

असे होण्याचे कारण साधे आहे. खूण केलेले रकाने जुळले की एक्सेल वरून पहिली आलेली ओळ ठेवते आणि तिच्याखालच्या जुळणाऱ्या ओळी काढून टाकते. खूण न केलेल्या रकान्यांत काय आहे याकडे ते पाहातसुद्धा नाही. पण ओळ जाते तेव्हा त्या रकान्यांतील मजकूरही तिच्याबरोबर जातो. दुरुस्तीची नोंद बहुधा मागाहून, म्हणजे खाली केली जाते. त्यामुळे जुने राहाणे आणि नवे जाणे हीच या सोयीची नेहमीची रीत ठरते.

आता त्या चौकटीवरील वाक्य वाचू. ते असे आहे : To delete duplicate values, select one or more columns that contain duplicates. म्हणजे ज्या रकान्यांत दुबार मजकूर आहे ते निवडा. साध्या वाचकाला यातून काय कळेल? खूण केलेल्या रकान्यांची सफाई होईल आणि खूण नसलेले रकाने सुरक्षित राहातील, असेच त्याला वाटेल. शिवाय 'दुबार मजकूर असलेला रकाना' म्हटले तर आपल्या तक्त्यात तुकडीचा रकाना सर्वांत पुढे असेल, कारण त्यात अ आणि ब यांखेरीज काहीच नाही. वाक्याचा शब्दशः अर्थ घेऊन फक्त तुकडीपुढे खूण केली तर आठांपैकी दोनच ओळी उरतील. खरा प्रश्न वेगळा आहे : कोणकोणते रकाने जुळले म्हणजे दोन ओळी एकच मानायच्या? तो या शब्दांत विचारलाच जात नाही. शेवटच्या उत्तरातही values असा शब्द आहे. मूल्ये काढली असे सांगितले जाते, पण गेलेल्या असतात संपूर्ण ओळी. कोणत्या ओळी गेल्या हे तर सांगितलेच जात नाही.

गोंधळात भर घालणारी आणखी एक गोष्ट आहे. खूण न केलेला रकाना आणि माऊसने निवडताना बाहेर ठेवलेला रकाना, हे दोन्ही वरवर सारखेच वाटतात. पण परिणाम उलटे आहेत. खूण नसलेल्या रकान्यातील मजकूर ओळीबरोबर जातो. निवडीबाहेरचा मजकूर जागचा हलत नाही आणि आतील ओळी वर सरकतात. परिणामी एका मुलाचे गुण दुसऱ्याच्या नावासमोर येतात. या दुसऱ्या धोक्याबद्दल एक्सेल आधी इशारा देते आणि निवड वाढवायची का, असे विचारते. पहिल्याबद्दल मात्र काहीच विचारत नाही.

ठराविक रकान्यांवरून तुलना करण्याची मुभा असणे हा दोष नव्हे. ती नसती तर आपली सातवी नोंद कधीच सापडली नसती. काय दुबार आणि काय नाही हे माहितीच्या अर्थावरून ठरते आणि तो अर्थ माणसालाच ठाऊक असतो. आक्षेप इतकाच की, असा निर्णय मागताना प्रश्न सरळ विचारावा आणि काढण्यापूर्वी जाणाऱ्या ओळी दाखवाव्यात. हे अशक्य नाही. त्याच एक्सेलमध्ये याहून जुनी Advanced Filter ही सोय आहे. तिच्यात Unique records only अशी खूण केली आणि यादी जागेवरच गाळली, तर दुबार ओळी फक्त लपतात. Clear म्हटले की त्या पुन्हा दिसू लागतात. नव्या सोयीने वेग आणला, पण हा सावधपणा सोडून दिला.

तोवर आपण काय करावे? प्रथम पूर्ण पानाची एक प्रत त्याच फाईलमध्ये वेगळी ठेवावी. Ctrl+Z ने ओळी परत येतात, पण फाईल बंद केल्यावर तो मार्ग उरत नाही. मग F2 या घरात पुढील सूत्र लिहून ते खाली F9 पर्यंत उतरवावे :

```
=COUNTIFS($B$2:$B$9,B2,$C$2:$C$9,C2)
```

तुकडी आणि हजेरी क्रमांक यांची तीच जोडी यादीत किती वेळा आली, हे सूत्र प्रत्येक ओळीपुढे सांगते. आपल्या तक्त्यात २, ३, ७ आणि ८ या नोंदींपुढे २ येईल, बाकीच्यांपुढे १. आता आठ ओळींऐवजी चारच ओळी वाचायच्या आहेत आणि वाचताच कळते की २ व ७ ही नक्कल आहे, तर ३ व ८ यांत गुण वेगळे आहेत.

यानंतर F मधील आकडे पुसून Remove Duplicates वापरावे आणि क्र. सोडून बाकी चारही रकान्यांपुढे खूण करावी. फक्त सातवी ओळ जाईल आणि सात उरतील. सहाऐवजी सात हा आकडाच सांगतो की, एका विद्यार्थ्याबाबत माणसाने निर्णय घ्यायचा राहिला आहे. दुरुस्त्या फार असतील तर आधी यादी तारखेप्रमाणे, नवी नोंद वर येईल अशी लावावी आणि मग तुकडी व हजेरी क्रमांक यांपुढे खूण करावी. पहिली ओळ राहाते या नियमामुळे आता ११ गुण राहातील आणि ९ जातील. मात्र त्यासाठी तारखेचा रकाना मुळात भरलेला हवा.

क्र. हा रकाना तुलनेत घेऊ नये, पण काढूनही टाकू नये. कोणता आकडा गायब आहे यावरून कोणती ओळ गेली ते जुन्या प्रतीशी ताडून पाहाता येते. हे आकडे हाताने भरलेले असावेत. ते ओळ मोजणाऱ्या सूत्राने आणले असतील तर ओळी जाताच नवे, सलग आकडे तयार होतात आणि गेलेल्या नोंदीची शेवटची खूणही मिटते.