‘झाल्यावर’ आणि ‘झाल्यास’ : कापसाच्या सौदापत्राचं मराठी
(दर्यापूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, दर्यापुरात कापसावर बोलायचं म्हणजे तुम्हाला काही नवीन सांगण्यासारखं नसतं. खारपाणपट्ट्यातला माणूस वेचणीपासून गाठीपर्यंत सगळं बघत मोठा झालेला असतो. म्हणून आज कापसावर बोलत नाही. कापसाच्या सौद्याचा जो कागद दोन भाषांत येतो, त्याच्या मराठीवर बोलतो. आम्ही भाषांतर करणारी माणसं. त्यामुळे टीका करायची ती आधी आमच्याच धंद्यावर, हे पहिल्यांदाच कबूल करून ठेवतो.

हा कागद आमच्यापर्यंत आला तो असा. एका जिनवाल्याने दलालाच्या फोनवर बाहेरच्या राज्यातल्या एका सूतगिरणीला १०० गाठी रुई विकली. फोन सोमवारी झाला. बुधवारी गिरणीकडून एक पानाचं इंग्रजी ‘कन्फर्मेशन’ आलं आणि त्याला जोडून मराठी भाषांतर. जिनवाल्याने मराठी वाचून सही केली. पुढे भांडण झालं, आणि मग दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून वाचायला आम्हाला बोलावलं. नावं काढून टाकली आहेत. माणसं कोण होती हे आपल्याला नको आहे, वाक्यं हवी आहेत.

पहिलंच वाक्य घ्या. इंग्रजीत अर्थ असा होता : ‘तुमच्याकडून खालील माल खरेदी केल्याचं आम्ही याद्वारे कायम करतो.’ म्हणजे खरेदी झालेली आहे, सोमवारीच, फोनवर. हा कागद तिची नोंद आहे. मराठीत काय छापलं? ‘आम्ही याद्वारे खालील माल खरेदी करण्याचे निश्चित करीत आहोत.’ वाचायला छान, व्याकरणात चूक काढता येत नाही. पण सौदा सोमवारवरून बुधवारवर सरकला! पहिल्या वाक्यात गिरणी सांगते, आपलं ठरलेलं आहे. दुसऱ्यात सांगते, आता आम्ही ठरवतो आहोत, तुम्ही हो म्हणा.

याने काय बिघडतं? या दोन दिवसांत भाव खंडीमागे हजार रुपयांनी चढला. १०० गाठी, गाठ साधारण १७० किलोची, म्हणजे १७,००० किलो. खंडी ३५६ किलोची धरली तर पावणेअठ्ठेचाळीस खंड्या होतात. फरक सुमारे पावणेअठ्ठेचाळीस हजारांचा. सौदा सोमवारी झाला असेल तर जुना भाव, त्यावर बोलायला जागा नाही. बुधवारच्या कागदाने होणार असेल तर तो अजून नुसता प्रस्ताव आहे, आणि जिनवाला म्हणू शकतो, ‘या भावात नाही जमत भाऊ.’ भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७ स्वीकृती निरपवाद आणि विनाशर्त असावी असं सांगतं. पण आधी प्रश्न हा की स्वीकारायचं काही उरलं होतं का. तो प्रश्न मराठी पानाने निष्कारण उभा केला. ‘केल्याचे’ आणि ‘करण्याचे’, एवढाच फरक.

आमचं मत असं की ‘कन्फर्म’ला एक ठराविक मराठी शब्द नाही आणि तो शोधत बसूही नये. ‘पुष्टी’ म्हटलं की अर्ध्या लोकांना जेवणाची आठवण होते. आधी विचारावं, हा कागद झालेल्या गोष्टीची नोंद करतो की नवी गोष्ट करतो? नोंद असेल तर तारखेसकट सरळ लिहावं : ‘सोमवार, अमुक तारखेला दलालामार्फत फोनवर आपला जो सौदा झाला, त्याची ही लेखी नोंद.’ लांब होतं, होऊ द्या.

आता ज्या शब्दासाठी हे व्याख्यान ठेवलं तिकडे येतो. दुसरं कलम नमुन्याचं. इंग्रजीत ‘सब्जेक्ट टू’ होतं : विक्रेत्याने नमुना दिल्यापासून तीन दिवसांत खरेदीदाराने तो लेखी पसंत करावा, आणि या पसंतीच्या अधीन हा सौदा. मराठीत आलं : ‘नमुना पसंत झाल्यावर सौदा लागू होईल.’

हा ‘-वर’ बघा. मराठीत ‘झाल्यावर’ हा वेळेचा प्रत्यय आहे. ‘पाऊस आल्यावर पेरू’ असं म्हणणारा कास्तकार पाऊस येईल हे धरूनच चालतो, प्रश्न फक्त केव्हाचा. ‘पाऊस आल्यास पेरू’ म्हणणारा न येण्याचीही शक्यता मनात ठेवतो. ‘आल्याशिवाय पेरणार नाही’ म्हणणारा तर हातच बांधून घेतो. तिन्ही वाक्यं एकाच बांधावर ऐकू येतील, पण करारात ती तीन वेगळी कलमं आहेत. पहिल्यात क्रम आहे, दुसऱ्यात अट आहे, तिसऱ्यात अट आणि मनाई दोन्ही आहेत.

जिनवाल्याने ‘झाल्यावर’ वाचलं आणि मनाशी धरलं की पसंती ही एक पायरी आहे, होईलच. त्याने १०० गाठी बाजूला काढून ठेवल्या, दुसऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हटलं. इकडे गिरणीच्या लेखी अट पुरी झालेलीच नव्हती. कायद्यात अशा सौद्याला घटनासापेक्ष करार म्हणतात. कलम ३१ आणि ३२ त्याबद्दल आहेत, आणि घटना घडेपर्यंत तो अंमलात आणायला भाग पाडता येत नाही. शिवाय मराठीतून ‘तीन दिवसांत’ आणि ‘लेखी’ हे दोन्ही शब्द गळाले होते. त्यामुळे गिरणीने किती दिवस गप्प बसायचं याला मराठी पानावर हद्दच उरली नाही.

आम्ही हे कलम पुन्हा असं लिहिलं : ‘विक्रेत्याने नमुना ज्या दिवशी दिला तो दिवस सोडून पुढच्या तीन दिवसांत खरेदीदाराने तो लेखी पसंत केला, तरच हा सौदा दोघांवर बंधनकारक राहील. तसे न झाल्यास सौदा झाला नाही असे समजावे.’ शेवटचं वाक्य इंग्रजीत उघड नव्हतं, ‘सब्जेक्ट टू’च्या पोटात होतं. अशी भर घालावी का, यावर आमच्यातच वाद आहे. आमच्यातले जुने एक जण म्हणतात, भाषांतरकाराने मूळच्या बाहेर शब्द टाकू नये. त्यांची भीती खरी आहे. म्हणून ते वाक्य आम्ही दोन्ही बाजूंना दाखवलं, आणि इंग्रजीतही तसंच घातलं गेलं तेव्हाच मराठीत ठेवलं.

मुदतीचं कलम सर्वांत साधं वाटतं, आणि तिथेच पैसे अडकले. इंग्रजीत पैसे ‘लॉरी रिसीट’च्या तारखेपासून सात दिवसांत द्यायचे होते. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे लॉरी रिसीट म्हणजे काय : बिल्टी. ट्रक भरला की ट्रान्सपोर्टवाला देतो ती. भाषांतरकाराने शब्दकोश उघडून ‘रिसीट’ला ‘पोच’ घातलं, आणि कलम झालं ‘मालाची पोच झाल्यापासून सात दिवसांत’. ट्रकला वाटेत चार दिवस लागले तर मुदत चार दिवसांनी पुढे. शिवाय घड्याळाची किल्ली विक्रेत्याच्या हातातून खरेदीदाराच्या गोदामात गेली. पोच सही करणारा माणूस त्यांचाच. धंद्यातला शब्द समोर असताना कोशातला घेतला की असं होतं. गंमत म्हणजे गिरणीनेही हे मुद्दाम केलं नव्हतं. त्यांच्या हिशेबनिसाने इंग्रजी पानावरूनच सात दिवस मोजले होते. मराठीतली ‘पोच’ त्यांनी नंतर आपल्या बाजूने वापरली.

मुदतीबद्दल आणखी एक, थोडक्यात. आपण बोलताना आठवड्याला ‘आठ दिवस’ म्हणतो आणि दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’. इंग्रजी ‘फोर्टनाइट’ चौदा दिवसांचा. घरात कोणी मोजत नाही, करारात मोजतात. तारीख घालता येत असेल तिथे तारीखच घालावी.

क्रियापदांकडे वळू. मूळ कलमात विक्रेत्याने १५ डिसेंबरपर्यंत माल रवाना करणं बंधनकारक होतं. मराठीत ‘माल १५ डिसेंबरपर्यंत रवाना होईल’. कोण करील? वाक्यात माणूसच नाही. ‘होईल’ हे हवामानाच्या अंदाजासारखं आहे. कायद्याच्या मराठीत ‘करील’ हे रूप बंधनासाठी रुळलेलं आहे हे खरं, वकिलाला ते बरोबर कळतं. पण जिनच्या ऑफिसात ते भविष्य म्हणूनच वाचलं जातं. ‘कळवावे’, ‘पाठवावा’ यांची उलटी गत : आपल्या प्रत्येक पत्राचा शेवट ‘कळवावे, ही विनंती’ असा होत आल्याने त्या रूपातलं बंधन झिजून गेलं आहे. तिथे ‘विक्रेत्याने रवाना करणे बंधनकारक आहे’ असं कर्त्यासकट लिहिण्याला पर्याय नाही. आणि ‘शकेल’? ते हक्कालाही चालतं, शक्यतेलाही चालतं, म्हणून धोक्याचं.

हे क्षुल्लक वाटत असेल तर १८८९ चा वुचालेचा तह आठवा. इटली आणि इथिओपिया यांच्यात, दोन भाषांत. सतराव्या कलमाच्या अम्हारिक पाठात इथिओपियाच्या सम्राटाला परराष्ट्र व्यवहारासाठी इटलीची मदत घेता येईल असं होतं. इटालियन पाठाने ते बंधन ठरवलं आणि इटलीने त्यावरून संरक्षकत्वाचा दावा लावला. सम्राट मेनेलिकने तो नाकारला, आणि १८९६ साली अडवाच्या लढाईत इटलीचा पराभव झाला. तिथे मुद्दाम केलं की चुकून झालं यावर इतिहासकारांनी भांडावं. आपल्याला एवढं पुरे की क्रियापद एकच होतं.

शेवटचं कलम गप्प बसण्याचं. इंग्रजीत : दोन कामकाजाच्या दिवसांत लेखी हरकत आली नाही तर या अटी मान्य आहेत असं मानलं जाईल. मराठीत : ‘काही हरकत असल्यास दोन दिवसांत कळवावे.’ हरकतीची सोय राहिली, न कळवण्याचा परिणाम गेला, आणि कामकाजाचे दिवस साधे दिवस झाले. जिनवाल्याला वाटलं, ही नेहमीची सौजन्याची ओळ. आम्ही सबंध पानात सगळ्यात मोठी चूक हीच मानतो, कारण बाकीच्या चुका सुधारण्याची शेवटची वेळ या ओळीत होती आणि ती त्याला दिसलीच नाही.

सभेच्या आधी कोणी विचारलं, चूक ओळखायची कशी, इंग्रजी तर येत नाही. आम्ही करतो ते असं. प्रत्येक कलमासाठी चार घरं आखतो : कोणी, काय करायचं, कोणत्या घटनेपासून मोजून किती दिवसांत, आणि नाही केलं तर काय. एक जण फक्त मराठी पान वाचून घरं भरतो, दुसरा फक्त इंग्रजी, एकमेकांशी न बोलता. मग दोन तक्ते शेजारी ठेवायचे. या कागदाचे ठेवले तेव्हा ‘माल रवाना होईल’समोर मराठीतलं ‘कोणी’चं घर रिकामं निघालं आणि हरकतीसमोर ‘नाही केलं तर’चं. इंग्रजीची बाजू बघायच्या आधीच रिकामं घर दिसतं, म्हणून एकट्या मराठी वाचणाऱ्यालाही हा तक्ता अर्धा उपयोगी पडतो. ‘पोच’सारखी चूक मात्र त्यात सापडत नाही, मराठीत ते घर नीट भरलेलं असतं, चुकीच्या गोष्टीने. तिथे दुसरा माणूस लागतोच, आणि तो ट्रकवर बिल्टी फाडून घेतलेला असला तर उत्तम.

आणि सही करण्याआधी पानाच्या तळाशी बघा. दोन्ही पाठांत फरक पडल्यास कोणता पाठ धरायचा, अशी ओळ असते. या पानावर ती होती, बारीक अक्षरात, आणि ती इंग्रजी पाठ धरावा असं सांगत होती. फक्त ती ओळ मराठीत आणायची राहिली होती.